सातवी व्यक्ती

पेनचं टोपण अंगठ्यात घालायचं, ट्रॅफिक पोलिसासारखा हात उभा धरायचा आणि विचारायचं, "म्हणजे नेमकं ठरलं काय?"

एवढं झालं की खोलीतली बारा मुलं गप्प व्हायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सगळे तावातावाने बोलत असतात आणि ही मध्येच असा प्रश्न विचारतात की आपण अर्धा तास काहीच बोललो नाही, असं सगळ्यांच्या लक्षात येतं. फक्त ती माणसं बहुधा पन्नाशीची असतात. ही दहावीत होती.

मयूर विहारमधल्या एका शाळेच्या लायब्ररीत मी मदतनीस म्हणून काम करत होते. संध्याकाळी माझं कॉलेज असतं. बाबा कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका अतिथिगृहाच्या स्वयंपाकघरात आहेत. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे कुठल्याही खोलीत शिरताना 'येऊ का?' असं विचारायची सवय मला अजून आहे. विद्यार्थी परिषदेची सभा महिन्यातून एकदा, शुक्रवारी शेवटच्या तासाला लायब्ररीत भरायची. एक मोठं माणूस हजर पाहिजे असा नियम होता. सल्लागार सर केमिस्ट्रीचे. त्यांचं प्रॅक्टिकल त्याच तासाला असायचं, म्हणून ते मोठं माणूस मी. वय एकोणीस.

पहिल्याच सभेत ती, परिषदेची सेक्रेटरी, माझ्या टेबलाशी आली. "ताई, तुमचं पूर्ण नाव?"

"माझं कशाला?"

"तुम्ही आहात ना इथे? मग लिहायला नको? उपस्थित सदस्य वेगळे, निमंत्रित वेगळे. तुम्ही निमंत्रित."

मला कोणी निमंत्रण दिलं नव्हतं, पण मी नाव सांगितलं. तिचे वडील केंद्र सरकारात नोकरीला होते आणि घरी मराठी बोलत. तिची मराठी दिल्लीची, मध्येच 'अच्छा' आणि 'बिल्कुल' येणारी. सभेच्या मिनिट्सला मराठीत इतिवृत्त म्हणतात हे मी तिला सांगितलं, तर तो शब्द तिने आठवडाभर उगाचच वापरला. डब्यात काय आणलंय असं मैत्रिणीने विचारलं तरी म्हणायची, "इतिवृत्तात बघ."

तिचं पहिलं इतिवृत्त अकरा पानी झालं. कोण काय बोललं ते सगळं त्यात होतं. 'अध्यक्षांनी समोसा खाल्ला. अध्यक्षांनी चटणी मागितली. चटणी नव्हती.' अध्यक्ष म्हणजे हेड बॉय, बारावीतला, बास्केटबॉल टीमचा कॅप्टन. सरांनी लाल पेनने शेरा मारून ते परत पाठवलं. 'कोण काय खातं ते नको. काय ठरलं ते हवं.'

दुसऱ्या सभेचं दीड ओळीचं झालं. 'सर्व विषयांवर चर्चा झाली. सर्व ठरलं.' तेही परत आलं. 'काय?'

त्या 'काय?'कडे ती पूर्ण मधली सुट्टी बघत बसली होती. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "ताई, सर बरोबर आहेत यार." आणि तेव्हापासून तो प्रश्न तिचा झाला. विषय, त्यावरचा निर्णय, कोण करणार, कधीपर्यंत. निर्णय असेल तर कोणी मांडला, अनुमोदन कोणाचं, बाजूने किती, विरोधात किती. भांडण झालं असेल तर 'मतभेद नोंदवण्यात आले'. या तीन शब्दांखाली तिने काय काय गाडलं ते मला ठाऊक आहे.

अजेंडा सभेच्या तीन दिवस आधी नोटीस बोर्डावर लागायचा. हजेरी आणि कोरम, मागील इतिवृत्त कायम करणे, त्यातून निघालेले विषय, नवे विषय, मग अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय. प्रत्येक विषयापुढे किती मिनिटं तेही. ऐनवेळच्या विषयाला ती घाबरायची. "तिथून काहीही घुसतं," म्हणायची, जणू खिडकी उघडी राहिली आहे.

दिवाळीनंतरच्या सभेत एक नवा विषय होता, मधल्या सुट्टीतल्या बास्केटबॉल कोर्टचा. कोर्ट एकच, आणि ते रोज मोठ्या मुलांकडे. सहावीची प्रतिनिधी उभी राहिली. टेबलावरून तिचं फक्त डोकं दिसत होतं.

"भैया, हम लोग सिर्फ़ बॉल उठा के देते हैं. कभी हमको भी खेलना है."

हेड बॉयला पुढच्या विषयाची घाई होती, टी-शर्टच्या रंगाची. तो म्हणाला, "हाँ हाँ, ले लो. मंगल-गुरु तुम्हारा. आगे चलो, टी-शर्ट."

टोपण अंगठ्यात गेलं. "म्हणजे... मतलब, नेमकं डिसाइड क्या हुआ?"

हात वर झाले. मंगळवार आणि गुरुवार, मधल्या सुट्टीत कोर्ट सहावी-सातवीचं. बाजूने नऊ, विरोधात कोणी नाही. नवात अध्यक्षांचाही हात होता, कारण ते टी-शर्टचा नमुना वर धरून दाखवत होते. तिने विचारून खात्री केली. "भैया, हाथ वोट का है या टी-शर्ट का?"

"दोनों का. चल ना!"

सोमवारी टीमने त्याला कँटीनमागे घेरलं असावं. तो लायब्ररीत आला तेव्हा आवाज एकदम मऊ होता. "यार, वो लाइन हटा दे. मज़ाक़ में बोला था."

"हटणार नाही," ती आधी माझ्याकडे बघून मराठीत पुटपुटली, मग त्याला समजावू लागली. "भैया, मैंने ग़लत लिखा हो तो करेक्शन होगा. आपने ग़लत बोला हो तो नया विषय डालिए. तीन दिन पहले."

"तू वकील है?"

"सेक्रेटरी."

तो गेला. पण खरी अडचण वेगळीच होती. सर फक्त कायम झालेलं, अध्यक्षांची सही असलेलं इतिवृत्तच प्रिन्सिपल मॅमकडे मंजुरीला पाठवत. कायम व्हायचं पुढच्या सभेत. आणि तोवर तिच्या वडिलांची नागपूरला बदली झाली होती. हिवाळ्याच्या सुट्टीनंतर ती शाळेत नसणार होती. तिच्या जागी जॉइंट सेक्रेटरी येणार, आणि तो बास्केटबॉल टीममधला. त्याने त्या ओळीचं काय केलं असतं, हे सहावीच्या पोरीलाही कळत होतं. म्हणजे डिसेंबरची ती सभा झाली तर कोर्ट मिळणार, नाही झाली तर नाही.

हेड बॉयलाही हे कळत होतं. तेरा सदस्य, कोरम सातांचा, म्हणजे सात जण आले तरच सभा. त्याने दंगा केला नाही, धमकी दिली नाही. टीमची मुलं त्या शुक्रवारी सरावाला गेली, एवढंच. आणखी दोघांना एकाएकी ताप आला.

लायब्ररीत सहा जण बसले होते. ती धरून सहा.

नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं वाट पाहायची, मग सभा तहकूब. घड्याळाकडे कोणी बघत नव्हतं आणि सगळे बघत होते. सातवीचा प्रतिनिधी म्हणाला, "दीदी, सात लिख दो ना. कौन देखेगा?"

"मैं देखूँगी," ती म्हणाली.

"तो लायब्ररीवाली मैम को गिन लो."

सहाच्या सहा चेहरे माझ्याकडे वळले. खरं सांगते, त्या क्षणी मी हात वर केला असता. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी माझी मोजणीत गरज होती. पण ती मान हलवून म्हणाली, "ताई निमंत्रित आहेत." एवढ्या अदबीने म्हणाली की मला नाकारलंय हे कळायला जरा वेळच लागला.

दोन मिनिटं उरली असतील. दारात हेड बॉय उभा राहिला, चौकटीला टेकून. घाम आलेला, बगलेत बॉल. एक पाय बाहेर.

"कोरम नहीं है ना? लिख ले, मीटिंग कैंसल."

ती लिहीतच होती. मान वर न करता म्हणाली, "भैया, अंदर आके बोलिए. सुनाई नहीं दे रहा."

लायब्ररीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. तिला खरंच ऐकू आलं नव्हतं का, हे मी तिला कधी विचारलं नाही.

तो चांगला चार पावलं आत आला, टेबलापाशी, आणि मोठ्याने म्हणाला, "मैंने कहा, कोरम नहीं है!"

सहावीच्या पोरीने बोटांवर मोजत हळूच म्हटलं, "सात."

त्याने मागे वळून बघितलं, कोण आलं म्हणून. मागे कोणी नव्हतं. मग त्याच्या चेहऱ्यावर जे पसरत गेलं ते बघायला तुम्ही हवे होतात.

"मैं तो जा रहा हूँ," तो म्हणाला.

"जाइए," ती म्हणाली. "नियम में लिखा है, कोरम सभा शुरू होते वक़्त चाहिए. सभा शुरू हो गई. अध्यक्ष बीच में उठ गए, वो भी लिख दूँगी. कुर्सी पर उपाध्यक्ष बैठ जाएँगे."

उपाध्यक्ष म्हणजे अकरावीतली एक मुलगी. ती लगेच केस नीट करून उठली. मला वाटतं त्याला थांबवलं ते याच गोष्टीने. टेबलाच्या टोकाची ती हातांची खुर्ची त्याला फार आवडायची. त्याने बॉल खाली ठेवला. "तू भी ना यार," म्हणाला आणि बसला. हसू मात्र त्याला दाबता येत नव्हतं.

दुसरा विषय, मागील इतिवृत्त कायम करणे. तिने उभं राहून सगळं वाचलं. कोर्टच्या ओळीलाही वेग तोच ठेवला. "कोई करेक्शन?"

"हाँ. लिख दे, मज़ाक़ में बोला था."

तिने हे गंभीरपणे घेतलं. ज्यांनी ती सभा पाहिली होती त्यांच्याकडे वळून विचारलं, "उस दिन कोई हँसा था?"

सगळ्यांनी आठवून पाहिलं. सहावीची म्हणाली, "नहीं दीदी. टी-शर्ट पे हँसे थे."

दुरुस्ती नाही. इतिवृत्त कायम. त्याने सही केली, पान अर्धं भरेल एवढी मोठी, खाली दोन रेघा मारून. त्या सहीचा त्याने घरी सराव केलेला असणार. शेवटी त्याने ऐनवेळचा विषय म्हणून मोठ्यांना बुधवारी जास्त वेळ मागितला. तिने न कुरकुरता तोही लिहून घेतला. कोण मागणार, कोणाकडे, कधीपर्यंत.

सगळे गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. "ताई, मी चीटिंग केली का?"

"त्याला आत कोणी ओढलं नाही," मी म्हटलं.

"पण मी बोलावलं."

"बोलावलंस."

तिने मान डोलावली. बाटलीतलं पाणी एका दमात प्यायली, आणि पुढच्या सेक्रेटरीसाठी अजेंडा कसा लावायचा ते लिहायला बसली. बस सुटायची वेळ झाली तरी लिहीत होती. जाताना दारातून हात हलवला. नागपूरला जायची गडबड होती, त्यानंतर ती लायब्ररीत आली नाही.

जानेवारीत शाळा उघडली. धुकं एवढं की कोर्टची पलीकडची बास्केट दिसत नव्हती. मंगळवारी मधल्या सुट्टीत मी खिडकीशी उभी राहिले. सहावी-सातवीची पंचवीसएक पोरं स्वेटर घालून एका बॉलमागे धावत होती. टीम कुठली, कोण कोणाचं, काही पत्ता नाही. बॉल बास्केटच्या निम्म्यापर्यंतही पोचत नव्हता. पायऱ्यांवर हेड बॉय हाताची घडी घालून बसला होता, बळेच दुसरीकडे बघत.

एकदा, दोनदा, पाचव्यांदा बॉल चुकला. मग त्याला राहवेना.

"अरे, घुटने मोड़ के! घुटने!"

तो उठून कोर्टवर गेला. सहावीच्या त्या प्रतिनिधीमागे उभा राहिला आणि तिची कोपरं सरळ केली. तिने बॉल फेकला. तो रिंगवर आपटला, काठावर फिरला आणि बाहेर पडला. तरीही पंचवीस पोरं अशी ओरडली की लायब्ररीच्या काचा हलल्या.

"बघ, बघ!" ती तिथेच बसलीय अशा सवयीने मी मागे वळून म्हणाले.

मागे दुसरीतली एक मुलगी पुस्तक उलटं धरून बसली होती. ती उठली, माझ्याजवळ आली आणि टाचा उंच करून खिडकीबाहेर बघू लागली.