आईच्या इंग्रजीच्या पेपराआधीचा आठवडा

वडील गेल्यावर आईला हायस्कुलात शिपायाची नोकरी मिळाली. घंटा देणं, वर्गावर्गात नोटीस फिरवणं, सरांना आणि पोरांना पाणी देणं, ही तिची कामं. आम्ही बौद्ध. एकेकाळी ज्यांच्या हातचं पाणी गाव घेत नव्हतं, त्यांच्याच सुनेच्या हातचं आता सगळी शाळा पिते, याचं माझ्या आजोबांना मरेपर्यंत कौतुक होतं. मला तेव्हाही त्याचं फारसं कौतुक वाटलं नाही. मला ती कारकून झालेली हवी होती.

आणि ते अगदीच हवेतलं नव्हतं. शाळेचे कारकून निवृत्त व्हायला आले होते आणि आई दहावी पास झाली तर ती जागा तिला द्यायची, असं हेडसरांनी तोंडी का होईना कबूल केलं होतं. आईनं बाहेरून फॉर्म भरला. इंग्रजी सोडून सगळे विषय पहिल्याच वर्षी सुटले. इंग्रजीच्या पेपरला मात्र तिचे हात गार पडले, छाती धडधडायला लागली, आणि पाठ केलेला निबंध डोक्यातून साफ निघून गेला. अर्ध्या तासात कोरा पेपर देऊन ती घरी आली आणि भाकरी थापायला बसली. ऑक्टोबरला बसायचा तिला धीर झाला नाही, पुढच्या मार्चमध्ये ती पुन्हा बसणार होती. कारकुनांची निवृत्ती त्याच जूनमध्ये होती, म्हणजे हीच शेवटची संधी.

पेपर जवळ आला तशी ती पुन्हा झोपेतून दचकून उठू लागली. मी तिला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी नाडी पाहिली, छाती तपासली, राहुरीला पाठवून ईसीजीची पट्टी काढून आणायला सांगितली. पट्टी चांगली आली.

"ताई, हृदय ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "ही भीती आहे. भीती घालवायच्या नादाला लागू नका. ती आली तरी काम कसं चालू ठेवायचं, तेवढं शिकू."

त्यांनी तीनच गोष्टी सांगितल्या. शेवटचा आठवडा रोज सारखा घालवायचा. ठरल्या वेळी उठणं, जेवणं, झोपणं, आणि पेपराच्याच वेळेला बसून जुना पेपर सोडवणं. नवीन काही वाचायचं नाही. दुसरं, पोटावर हात ठेवून नाकानं हळू श्वास घ्यायचा आणि त्याहून हळू सोडायचा. घेताना मनात चार आकडे, सोडताना सहा. जोर करायचा नाही, चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबायचं. आणि हे घाबरल्यावर शिकायचं नाही, रोज शांत असताना करायचं, म्हणजे वेळेला आठवतं. तिसरं, संध्याकाळी पंधरा मिनिटं सगळ्या काळज्या कागदावर लिहायच्या. जिच्यावर काही करता येईल तिच्यापुढे काय करायचं ते लिहायचं. जिच्यावर काही करता येत नाही तिच्यापुढे रेघ मारायची. मग कागद मिटायचा. रात्री काळजी आली तर तिला म्हणायचं, उद्या संध्याकाळी ये.

"पावनी आल्यागत," आई म्हणाली. त्या आठवड्यात ती हसली ती तेवढीच.

मी अकरावीला होते, एसटीनं श्रीरामपूरला जायची. त्या आठवड्यात कॉलेज बुडवून मी घरीच बसले आणि आईवर हेडमास्तरकी केली. अकरा वाजता तिला पाटासमोर बसवायची, समोर गजराचं घड्याळ, शेजारणीला दारातूनच परत पाठवायची. निबंधात अडली की ती पेन खाली ठेवायची, हात पोटावर न्यायची. तिचा श्वास बाहेर पडताना ऐकू यायचा. थोड्या वेळानं पेन पुन्हा उचलायची. भीती गेली नव्हती, पण ती उठून जात नव्हती, आणि मला तेवढं पुष्कळ होतं.

संध्याकाळी ओट्यावर कागद. स्पेलिंग चुकतात, पुढे: रोज दहा शब्द लिहून काढणं. माझ्या रजेत घंटा कोण देणार, पुढे: दुसऱ्या शिपायाला सांगणं. पोरं हसतील, पुढे रेघ. नापास झाले तर, पुढेही रेघ. त्या रेघेवर ती पेन दोनदा फिरवायची. मला ते बघवत नसे. पण ती झोपू लागली, हेही खरंच.

पेपराच्या दिवशी ती नेहमीच्या वेळी उठली, नेहमीचीच पोळी-भाजी खाल्ली. केंद्र तिच्याच शाळेत होतं. ती मात्र परीक्षेच्या कामातून मोकळी होती. रिपीटरांचा वर्ग वेगळा, पण त्यातली निम्मी पोरं तिला ओळखणारी. दोन वाजून गेल्यावर ती घरी आली. चेहऱ्यावरून काही कळेना. "लिवलं," एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला घेतली.

काय घडलं ते मला आमच्या गल्लीतल्या मुलीनं सांगितलं. ती आईच्या मागच्याच बाकावर होती. पहिला तास बरा गेला. आई मध्ये दोनदा थांबली, पोटावर हात ठेवला, परत लिहायला लागली. मग तासाची घंटा झाली, आणि आई उठून उभी राहिली. उगाच, सवयीनं. वर्गावर चित्रकलेचे सर होते. त्यांनी वर पाहिलं. समोर शाळेची मावशी उभी. तेही सवयीनंच म्हणाले, "मावशी, पाणी बघा जरा."

आणि आई गेली. व्हरांड्यातल्या माठातून जग भरून आणला, सरांना दिलं, मग बाकांमधून फिरून मागेल त्याला दिलं. कुणी तिला अडवलं नाही, कारण कुणाला त्यात वेगळं काही दिसलंच नाही. शेवटी त्या मुलीकडे पेला आला तेव्हा ती म्हणाली, "मावशी, तुमचा पेपर." आई जागेवर येऊन बसली. मग तिचा हात पुन्हा पोटावर गेला. तिनं श्वास मोजले, लिहिलंही काही, पण निबंध अर्धाच राहिला आणि पत्र राहूनच गेलं.

जूनमध्ये निकाल लागला. इंग्रजीत नापास, थोडक्यात. कारकुनाच्या जागेवर संस्थेतल्या कुणाचा तरी भाचा आला.

मी इतकी संतापले होते की त्या सरांच्या घरी जायला निघाले. आईनं दारातच माझा हात धरला.

"त्येंना कशाला बोलती? त्येंनी सांगितलं नसतं तरी मी उठलेच हुते."

"मग ऑक्टोबरला परत बस. आठ दिवस परत तसेच काढू. घंटेची सवय करू घरात."

"न्हाई."

"का न्हाई? भीती आवरायला जमलं होतं की तुला."

ती उंबऱ्यावर टेकली. तिला राग आला असता, ती रडली असती, तर मला सोपं गेलं असतं.

"जमलं हुतं कुठलं," ती म्हणाली. "तीन तास छाती उडत हुती माझी. श्वास मोजला का जरा कमी, मग पुन्हा चालू. फकस्त पानी वाटताना, बग, काईच न्हवतं. कसं गप झालं हुतं सगळं."

मी तिच्या हातातून माझा हात सोडवून घेतला आणि चपला काढून आत गेले.