एका वेळी एकच नय

ज्ञानमीमांसेच्या पेपरात लाडकुंवर दोनदा आपटली, आणि दोन्ही वेळा कारण एकच. तिला कुणाला दुखवणं जमत नसे. पुस्तकातल्या माणसांनाही नाही.

दोंडाईच्यात मांगीलालशेठांचं कापडाचं दुकान होतं, आणि दुकानाच्या मागेच घर. लाडकुंवर त्या घरातली थोरली सून. सतराव्या वर्षी लग्न झालं तेव्हा कॉलेजचं पहिलं वर्ष अर्धवट सुटलं होतं. पुढची पंधरा वर्षं दोन मुलं, सासू-सासरे, दोन नणंदांची बाळंतपणं आणि जैन स्थानकात बसून केलेल्या सामायिकी, म्हणजे ध्यानाच्या बैठका, यांत गेली. मग एके दिवशी नवऱ्याने, लालचंदने, कुणाला न विचारता बाहेरून बी.ए.ला बसायचा अर्ज आणला आणि तिच्यापुढे ठेवला. विषय तत्त्वज्ञान. तिने तो निवडला कारण तिला वाटलं, स्थानकातल्या साध्वींचं, महासतीजींचं व्याख्यान आपल्याला कळतं, हेही कळेल.

बाकीचे सगळे पेपर सुटले. हा एक अडकला. पहिल्या वर्षी शंभरात सव्वीस, दुसऱ्या वर्षी एकोणतीस.

"बींदणीला सांग," मांगीलालशेठ बायकोला, पानबाईंना म्हणाले. सुनेशी ते थेट बोलत नसत. सून पदर पुढे ओढून दाराआड उभी असे आणि मध्ये पानबाई. "हे तिसरं वर्ष. या वेळी झालं तर ठीक. नाही तर पुस्तकं बांधून माळ्यावर. गावात लोक मला विचारतात, शेठ, सून अजून शाळेतच का?"

"ऐकलं तिने," पानबाई म्हणाल्या. "भिंतीनेही ऐकलं."

ऐंशी साल संपून आठ वर्षं झाली होती. दर रविवारी धुळ्याला एका कॉलेजात बाहेरून बसणाऱ्यांसाठी वर्ग असायचा. लाडकुंवर सकाळच्या एस.टी.ने जायची आणि सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं म्हणून दुपारीच परत फिरायची. शिकवायला आधार शिरसाठ सर होते. शिरपूरकडच्या एका खेड्यातून आलेले, हातमागाचा सदरा, आवाज मोठा. त्या जानेवारीत सरांनी वर्गातच वीस मिनिटांत उत्तर लिहून घेतलं. प्रश्न सरळ होता: बुद्धिवादाच्या समर्थनार्थ युक्तिवाद थोडक्यात लिहा, गुण आठ.

सरांनी तिचा कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि पुन्हा वाचला.

"ताई, हे कोणाच्या बाजूने लिहिलंय?"

"दोघांच्या, सर."

"प्रश्नात दोघं आहेत का?"

सरांनी मोठ्याने वाचून दाखवलं: "'बुद्धिवादी म्हणतात की ज्ञान बुद्धीतून येते. तथापि अनुभववादी म्हणतात की ते इंद्रियांतून येते. काही अपेक्षेने पहिले खरे, काही अपेक्षेने दुसरे खरे. कोणालाच सर्वस्वी चूक म्हणता येत नाही.'" वर्ग हसला. सरही हसले, पण टर उडवायला नाही. "ताई, हे लग्नातल्या रुसलेल्या व्याह्यांची समजूत घातल्यासारखं झालं. परीक्षक व्याही नाही. त्याला बुद्धिवाद्याचा वकील पाहिजे, आणि तुम्ही पंच होऊन बसलात. आठातले दोन."

"पण सर, एकांत धरला, म्हणजे एकच बाजू खरी मानली, की दोष लागतो. आमच्याकडे लहानपणापासून तेच शिकवतात."

"तुमच्याकडचं मला माहीत नाही," सर म्हणाले. "मला माहीत आहे ते असं. पहिल्या वाक्यात दावा. मग त्याचं कारण. मग एकच दाखला, पण ठसठशीत. मग समोरच्याचा सगळ्यात अवघड आक्षेप, आणि त्याला ह्याच बाजूचं उत्तर. बस, पेन खाली. तुमचं स्वतःचं मत कोणी विचारलेलं नाही."

ती घरी आली ती पडेल चेहऱ्याने. परीक्षकाला खूश करायला खोटं लिहायचं का, हा प्रश्न तिला खरंच बोचत होता. सामायिकीला बसली तर अठ्ठेचाळीस मिनिटं तेच डोक्यात. शेवटी दुसऱ्या दिवशी गहू निवडताना तिने पानबाईंना सांगून टाकलं.

पानबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, पण पन्नास चातुर्मास व्याख्यानाला पुढच्या रांगेत बसलेल्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"बावळी आहेस. महासतीजी नय शिकवतात की नाही? नय म्हणजे काय?"

"एका बाजूने पाहणं."

"किती बाजूंनी?"

"एका."

"मग! व्याख्यानात एक नय पूर्ण सांगून झाला की महासतीजी दुसरा घेतात. दोन्ही एकदम सांगितले तर ऐकणाऱ्याच्या हाती काय? एका नयाने बोलताना दुसऱ्याला खोटा म्हणायचं नाही, एवढंच. पण त्याचं बोलणं आपल्या तोंडात घ्यायचं असंही नाही. बुद्धिवाल्याने काय दोष केला गं, की त्याला नीट एक वाक्य पुरं करू देत नाहीस?"

इतकी वर्षं आपण धर्म पाळतो म्हणून अडतोय असं लाडकुंवरला वाटत होतं, आणि अडत होतं ते धर्म अर्धाच लक्षात ठेवल्यामुळे. अनेकांत म्हणजे सगळ्या बाजूंची खिचडी नव्हे. प्रत्येक बाजूला तिचा पूर्ण वेळ द्यायचा, खिचडी तिथे कुठून आली?

पुढच्या रविवारी तिने सरांना नयाचं सांगितलं. सर खुर्चीत मागे रेलले. "तुमच्या सासूबाईंना पाठवा, मी सुट्टी घेतो. मग आज अनुभववादाचा नय. दाखला कुठला?"

"पुस्तकातलाच. जन्मांध माणसाला रंगाची कल्पना नसते."

"तो बठ्ठे, सगळेच लिहितात. पेपर तपासणारा कंटाळतो. तुमचा स्वतःचा सांगा."

सरांचा डबा टेबलावर होता, त्यातून भरताचा वास येत होता. सगळा खानदेश ज्या वांग्याच्या भरतावर जीव टाकतो ते लाडकुंवरने जन्मात चाखलं नव्हतं. बहुबीज भाजी जैनांना वर्ज्य, म्हणून वांगं त्यांच्या घरात येतच नसे. शेजारच्या द्रौपदाबाईंकडून तिने कृती मात्र शंभरदा ऐकली होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी कशी भाजायची, लाकडी बडगीत कशी ठेचायची, सगळं पाठ.

"सर, भरीत," ती हळूच म्हणाली. "मला त्याची सगळी कृती येते. लोकांनी वर्णनही केलं. पण चव कशी, ते मी कितीही विचार केला तरी मला सांगता येणार नाही. जे जिभेवर आलं नाही ते बुद्धी आपल्याजवळचं काढून देत नाही."

"अन् मन जन्मतः कोरं, ते तिथून सिद्ध होतं?"

"सिद्ध नाही... पण साध्या कल्पना अनुभवातून येतात याला बळ मिळतं. नसलेल्या गोष्टींची कल्पना, सोन्याचा डोंगर वगैरे, ती पाहिलेलं सोनं आणि पाहिलेला डोंगर जोडून होते. भरीत मला जोडता येत नाही, कारण जोडायचा तुकडाच नाही."

सरांनी टेबलावर थाप मारली. "हाई शे उत्तर! आता आक्षेप. गणित कुठल्या जिभेवर चाखलं?"

तिने वही पुढे ओढली. सर म्हणाले, अनुभववादी सांगतो की गणिताची वाक्यं आपल्याच कल्पनांमधले संबंध सांगतात. ती पक्की असतात, पण जगात काय आहे याची बातमी देत नाहीत. बातमी हवी तर डोळे उघडावे लागतात. ते तिने उतरवून घेतलं.

बुद्धिवादाचा दाखला मात्र तिला घरातच सापडला. दुकानात एका गिऱ्हाइकाला सात मीटर आणि पाच मीटरचे दोन तुकडे दिले होते. ते एकत्र मोजले तर पावणेबारा भरले. लालचंद म्हणाला, माप चुकलं; मांगीलालशेठ म्हणाले, कापड आटलं; गिऱ्हाईक म्हणालं, शेठ लबाड. तिघं तावातावाने भांडले. दाराआड उभ्या लाडकुंवरला एकच दिसलं: सात आणि पाच बारा होत नसतील, असं तिघांतलं कुणीच म्हटलं नाही. अनुभव उलटा आला तरी माप, कापड, शेठ सगळे संशयात, पण बेरीज नाही. अनुभव आजवर काय घडलं ते सांगतो. असंच असलं पाहिजे हे तो सांगू शकत नाही. ते 'पाहिजे' कुठून येतं? बुद्धीतून.

ती दाराआड एवढ्या जोरात "मिळालं!" म्हणाली की शेठ भांडण विसरून वळले.

"बींदणीला काय मिळालं?" त्यांनी पानबाईंना विचारलं.

"आठ मार्क," पानबाई म्हणाल्या.

एप्रिलात धुळ्यात पेपर. पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. दुसऱ्या प्रश्नात दोन उपप्रश्न: अ, बुद्धिवादाच्या बाजूने युक्तिवाद करा. ब, अनुभववादाच्या बाजूने करा. दीड-दीड पान.

'अ' छान सुरू झालं. दावा, कारण, कापडाचे तुकडे. मग तिने आक्षेप घेतला: बुद्धीत जन्मतःच ज्ञान असेल तर तान्ह्या बाळाला ते का सांगता येत नाही? आणि इथे हात आपोआप पुढे गेला: "तथापि अनुभववाद्यांचेही..." ती थांबली. अजून अर्धं पान बाकी होतं आणि समजूत घालायची सवय बोटांत उतरली होती. तिने मनात म्हटलं, ह्याला वाक्य पुरं करू दे. ओळ खोडली. त्याखाली लिहिलं: जन्मजात म्हणजे तयार वाक्य नव्हे, तर क्षमता, बाळाला गणित बोलता येत नाही, पण योग्य वेळी ते उमगण्याची घडण त्याच्या बुद्धीत असते. पूर्णविराम दिला आणि पुढचा शब्द लिहिला नाही. तिथे थांबणं लिहिण्यापेक्षा कठीण गेलं.

'ब'मध्ये भरीत आलं. मागच्या पानावरच्या बुद्धिवाद्याची तिला आता दया आली नाही. त्याचं म्हणणं तो मांडून गेला होता.

पाचवा प्रश्न होता, दोन्ही मतांची तुलना करून तुमचे मत सांगा. तिथे मात्र तिने मनसोक्त 'अपेक्षेने' लिहिलं.

जूनच्या शेवटी निकाल. गुणपत्रिका आणायला लालचंद निघाला होता, पण ती म्हणाली, मीच जाते. कॉलेजच्या खिडकीतून कागद हाती आला तेव्हा तिने आधी नाव तपासलं, मग विषय, मग आकडा. छप्पन्न. पुन्हा नाव तपासलं. शिरसाठ सर व्हरांड्यातच होते. त्यांनी कागद पाहिला आणि दोन्ही हात जोडले. तिनेही जोडले.

धुळ्याच्या स्टँडावर तिने फोनवरून दुकानात कळवलं. पलीकडे मांगीलालशेठच निघाले. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदा मध्ये पानबाई नव्हत्या. तिने सवयीने पदर पुढे ओढला.

"झालं, बापूजी," ती म्हणाली.

"बरं," शेठ म्हणाले. मग जरा थांबून, "उन्हात चालत येऊ नको. लालचंदला स्टँडावर पाठवतो."

एस.टी.त खिडकीशी जागा मिळाली. तीन वर्षं ती याच गाडीत मांडीवर वही उघडून बसायची. आज पिशवीत वही नव्हतीच. शिंदखेडा गेलं ते तिला कळलं नाही. दोंडाईच्याला गाडी रिकामी झाल्यावर कंडक्टरने सीटवर टकटक केली.

"अक्का, उठा. आली गाडी."

इतकी गाढ झोप तिला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.