मनुमावशीची दीडशे पावलं

मनुमावशी रस्त्यावर काचेचे मणी पेरायची. ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही, पण रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघेत काच असते. रवाळ साखरेसारखे बारीक गोल मणी. रंग ओला आहे तोवरच ते टाकावे लागतात, मग अर्धे रंगात बुडतात आणि अर्धे वर राहतात. रात्री गाडीचा उजेड त्यांच्यावर पडला की तो परत ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे येतो. रंग सुकल्यावर टाकले तर ते वाऱ्याने उडून जातात.

मावशी ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. खाडीत कारखान्यांचं पाणी यायला लागलं, जाळ्यात मासळी कमी आणि कचरा जास्त येऊ लागला, तेव्हा ती आमच्या कंत्राटदाराकडे कामाला आली. मासळीला मीठ लावून हात तयार झालेला. कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. मुकादम गोमाजीने तिच्या हातात भोकं पाडलेला पत्र्याचा डबा दिला, तो दहा वर्षं दुसऱ्या कोणाकडे गेला नाही.

मी कल्याणच्या गोदामात सामानाची नोंद ठेवायचे. हिशोब सोपा होता. रस्त्याच्या मधली रेघ दहा सेंटिमीटर रुंद, म्हणजे एक किलोमीटरला शंभर चौरस मीटर. रंगाचा थर ठरलेला, त्याला चाळीस लिटर रंग लागायचा. वीस लिटरचे दोन डबे. मणी चौरस मीटरला अडीचशे ग्रॅम, म्हणजे पंचवीस किलो, बरोबर एक गोणी. माणसं शाळेत पाढे म्हणावेत तशी म्हणायची, किलोमीटरला दोन डबे, एक गोणी.

मावशीला चौरस मीटर कळत नव्हता. तिचा हिशोब पावलांचा. तिच्या डब्यात अडीच किलो मणी मावायचे. उत्तम नावाचा गडी रंगाची हातगाडी ढकलत पुढे, ही त्याच्या मागे डबा हलवत. दीडशे पावलं झाली की शंभर मीटर झाले आणि डबा रिकामा. असे दहा डबे म्हणजे एक गोणी. कधी एकशे अठ्ठेचाळीस पावलांवर डबा संपला तर ती दिवसभर स्वतःवर चिडलेली असायची.

उत्तम तिला चिडवायचा, "मावशी, पावलं मोजता मोजता नवऱ्याचं नाव विसरलीस का?"

"तुझ्यासारखा असता तर विसरले असते," ती म्हणायची आणि आकडा चुकू द्यायची नाही.

एक्क्याण्णव सालच्या उन्हाळ्यात मला काही गोष्टी खटकायला लागल्या. मी चहा पुढे केला की तिचा हात कपाच्या बाजूने जायचा आणि मग चाचपडत कपाच्या कानाला लागायचा. गोणीचं तोंड ती बोटांनी शोधायची. पगाराच्या वहीत अंगठा कुठे करायचा ते मला दाखवायला सांगायची, पूर्वी तिला ती जागा माहीत असे. एकदा मी विचारलं, तर उन्हाने डोळे दिपतात म्हणाली आणि उठून गेली. मी पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मे महिन्यात शहाडला नदीजवळच्या रस्त्याचं काम निघालं. मधली रेघ आठवड्यापूर्वीच झाली होती. आता नदीच्या बाजूची कडेची रेघ मारायची होती, दोन किलोमीटर. तिथे एक वळण आहे, वळणाच्या पलीकडे उतार आणि उताराखाली पाणी. कठडा जागोजागी मोडलेला. पाऊस सुरू व्हायच्या आत रेघ हवी, असं बांधकाम खात्याच्या साहेबांनी बजावलं होतं. गुरुवारी दिवेलागणीला ते जीप घेऊन तपासायला येणार होते.

कडेची रेघ पंधरा सेंटिमीटरची असते. दोन किलोमीटरला तीनशे चौरस मीटर. मी मंगळवारी सकाळी सहा डबे रंग आणि तीन गोण्या मणी दिले. गोमाजीने हातगाडीच्या रुंदीच्या पट्ट्या पंधरावर लावून घेतल्या आणि लाल निशाण घेऊन वळणावर गाड्या थांबवायला गेला. मावशीला कोणी काही सांगितलं नाही. रेघ डोळ्यांसमोर आहे, त्यात सांगायचं काय, असं सगळ्यांना वाटलं.

संध्याकाळी टेम्पो परत आला. गोमाजी खुशीत होता. सहा डबे रिकामे, आणि एक गोणी शिवलेली, जशी दिली तशी परत. तो म्हणाला, मावशीचा हात म्हणजे हात आहे, एक गोणी वाचवली, शेठ खूश होतील. मी वहीत लिहायला पेन उचललं आणि तसंच धरून बसले.

रंग सहा डबे गेला, म्हणजे रेघ पंधराचीच झाली. तितक्या रेघेला तीन गोण्या लागतातच. दोन गोण्यांत ती होऊ शकत नाही. दोन गोण्या दहाच्या रेघेला लागतात.

मावशी मागे नळावर डबा धूत होती. मी जाऊन विचारलं, आज डबा किती पावलांना संपत होता.

"दीडशे. रोजच्यासारखा."

"शंभराला संपायला हवा होता, मावशी. रेघ रुंद होती ना."

तिचा हात थांबला. नळ वाहत राहिला. मग तिने हळूच विचारलं, "किती रुंद होती?"

दोन किलोमीटर ती त्या रेघेच्या मागून चालली होती, हातभर अंतरावरून, आणि मला विचारत होती किती रुंद होती. तिलाही कळलं की मला कळलं.

"वर्षभर झालं," ती म्हणाली. "पांढरं दिसतं, पण कडा दिसत नाही. उत्तमच्या चपलांच्या आवाजामागून जाते. हेमा, सांगू नकोस गं. माझी सासू अशीच आंधळी होऊन आठ वर्षं एका कोपऱ्यात बसली. मला कोपऱ्यात बसवतील."

मी वाकून नळ बंद केला. घरी देवापुढे दिवा लावला, पण हात जोडून काय मागावं ते सुचेना. मावशीचं काम राहू दे म्हणावं, तर ते वळण डोळ्यांपुढे यायचं.

बुधवारी तिची सुट्टी होती. दुपारी ती गोदामाच्या दाराशी आली आणि म्हणाली, मला तिथे घेऊन चल, मला बघायचंय. बघायचंय हा शब्द ऐकून मला कसंतरीच झालं. आम्ही शहाडला उतरून चालत वळणापर्यंत गेलो तेव्हा दिवस कलला होता.

ती रेघेजवळ खाली बसली. गाड्या अंगाला लागून जात होत्या, मी तिचा पदर घट्ट धरून उभी. तिने बोट रस्त्याच्या बाजूने रेघेवर ठेवलं आणि आडवं नदीकडे ओढत नेलं.

"खरखरीत," ती म्हणाली. तिथे मणी होते. "खरखरीत. खरखरीत." मग बोट थांबलं. "इथे गुळगुळीत आहे."

नदीच्या बाजूची तीन-चार बोटं रुंदीची पट्टी कोरी होती. नुसता रंग. ती गुडघ्यांवर पुढे सरकली, पुन्हा बोट फिरवलं. पुन्हा सरकली. एके ठिकाणी पूर्ण रेघच गुळगुळीत लागली. तिथे ती वळणावर चुकली होती, मणी सगळे डांबरावर सांडले होते. डांबराच्या खाचांत अडकून राहिलेले तिने चिमटीत घेतले आणि बराच वेळ चोळत राहिली.

अंधारून आलं. गाड्यांचे दिवे लागले. मधली रेघ, जी तिनेच आठवड्यापूर्वी केली होती, दोरी ताणावी तशी लखलखत उठली. कडेची बारीक दिसत होती, वाकडी, आणि वळणाच्या ऐन तोंडाशी तुटलेली. समोरून एक टेम्पो आला. ड्रायव्हर मधली रेघ सोडून बाहेर सरकला, कारण त्याच्या समोरून ट्रक येत होता. त्याचं डावं चाक कडेच्या रेघेवर आलं, मग रेघेच्या पलीकडे गेलं. खडी उडाली. मी मावशीला मागे ओढलं. टेम्पो कसाबसा आत आला आणि हॉर्न वाजवत निघून गेला. त्या ड्रायव्हरला काठ कुठे आहे हे दिसलंच नव्हतं.

मावशीने खडीचा आवाज ऐकला होता. माझा हात तिने इतका जोरात धरला की बांगडी रुतली.

"गेला का?"

"गेला. आत आला."

"देवाची कृपा." मग थोडं चालल्यावर म्हणाली, "तू नको सांगूस. मी सांगते."

गुरुवारी सकाळी सगळे जमलेले असताना ती गोमाजीसमोर उभी राहिली. एका दमात म्हणाली, रेघ वाया गेली आहे, माझे डोळे गेले आहेत, आणि मी लपवलं. उत्तम हसायला गेला आणि मध्येच थांबला. मला वाटलं गोमाजी आता ओरडणार. तो माझ्याकडे वळला आणि एवढंच विचारलं, पुन्हा मारायला किती लागेल. मी म्हटलं, पूर्ण रेघेला परत सहा डबे आणि तीन गोण्या. नुसत्या वळणाच्या चारशे मीटरला साठ चौरस मीटर, म्हणजे चोवीस लिटर रंग आणि पंधरा किलो मणी. परत आलेली गोणी त्याला पुरते.

त्याने साहेबांना सोमवारपर्यंत थांबायला सांगितलं. चूक कशामुळे झाली तेही सांगितलं, मावशीचं नाव वगळून. वळण त्याच दिवशी करायचं ठरलं, उरलेली रेघ दोन दिवसांत. डबा मात्र त्याने मावशीच्या हातून घेतला आणि मंजुळाला दिला. ती नवीन, विशीतली. मावशीने डबा लगेच सोडला नाही. मग सोडला.

वळणावर ती मंजुळाच्या मागून चालली. मला भीती होती की गाडीखाली येईल, म्हणून मी तिच्या खांद्याला धरून होते. मंजुळाचा हात घाबरून भरभर हलत होता. मावशी मोठ्याने पावलं मोजत होती. चाळीसला म्हणाली, थांबव, डबा हलव. तिने कान डब्याशी नेला. आतल्या मण्यांची सळसळ ऐकली.

"फार उरलं नाही. हात आवर. शंभराला संपायला हवं, साठाला नाही."

मंजुळाने हात आवरला. पुढचा डबा नव्वदला संपला, त्याच्या पुढचा शंभराला. त्यानंतर मावशी फक्त मोजत राहिली.

सोमवारी साहेबांची जीप वळणावरून गेली तेव्हा रेघ लखलखली. गोमाजीने गोदामात येऊन सांगितलं. मावशी तेव्हा माझ्या समोरच्या बाकावर बसली होती. सरकारी दवाखान्यात डोळे दाखवल्यावर ऑपरेशनची चिठ्ठी मिळाली होती, ती तिने दोन्ही हातांत धरली होती. डॉक्टर म्हणाले होते मोतीबिंदू आहे, बहुतेक दिसेल. बहुतेक या शब्दावर ती अडून बसली होती.

"रेघ झाली, आता हेही होईल," मी म्हटलं.

"रेघेला दुसऱ्यांदा रंग देता येतो," ती म्हणाली आणि चिठ्ठी माझ्याकडे दिली, पुन्हा एकदा तारीख वाचून दाखवायला.