छत्तीस आणि वीस

आई गेल्यावर पंधराव्या दिवशी मी कामावर गेले. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, आणि कामात एकही चूक होत नव्हती. लोक म्हणायचे, बाई खंबीर आहे. खंबीर कसली, दगड झाले होते.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कारखान्यात मी ऊर्जा विभागात इंजिनिअर होते. आमच्याकडे वाया जाणाऱ्या उष्णतेवर वीज करणारं एक मशीन होतं. भट्टीच्या धुराने तेल तापायचं, त्या तेलाने एक सहज उकळणारा द्रव उकळायचा आणि त्याच्या वाफेवर लहानसं टर्बाइन फिरायचं. साठ किलोवॅट मिळायचे. कारखान्याच्या मानाने चिल्लरच.

ते मशीन चालवायचे ते काका घणसोली गावातले. कारखान्यांसाठी जमीन गेली तेव्हा त्यांच्या वडिलांना इथे नोकरी मिळाली, वडिलांनंतर यांना. बायको अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली. दुपारच्या सुट्टीत काका सायकल मारत घरी जायचे, तिला भरवायचे आणि भोंग्याच्या आत परत यायचे. ही सवलत कोणी लिहून दिलेली नव्हती, पण कोणी अडवतही नव्हतं.

द्रव किती वेगाने आत सोडायचा, हे ठरवणारं एक गोल बटण पॅनेलवर होतं. त्याच्याशेजारी काकांनी नेलपॉलिशने लाल रेघ ओढली होती. दरवर्षी दसऱ्याला मशीनला हार घातला की रेघेवर ताजा हात फिरवायचे. बाटली मुलीची, ती लग्न होऊन गेली तरी बाटली यांच्याकडेच.

साहेबांनी मला सांगितलं, "या मशीनची एफिशियन्सी बघा आणि रिपोर्ट द्या. ठेवायचं की काढायचं, त्यावर ठरवू." मशीन गेलं तर काकांचं काय, ते मी विचारलं नाही. साहेबांनी आपणहून सांगितलं. कंपनीच्या द्रोणागिरीच्या गोदामात माणूस हवा होता.

मी मोजमापं घेतली. तेल दोनशे अकरा अंशांवर, थंड करणारं पाणी पस्तीसवर. निरपेक्ष शून्यापासून मोजलं तर चारशे चौऱ्याऐंशी आणि तीनशे आठ. थंडाला उष्णाने भागायचं आणि एकातून वजा करायचं, हे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातलं सूत्र. उत्तर आलं छत्तीस टक्के. मशीन देत होतं सतरा. मी लिहिलं, "संभाव्य क्षमतेच्या निम्मीही साध्य होत नाही."

मग प्रयोग म्हणून मी बटण रेघेच्या मागे फिरवलं. काका बाजूलाच उभे होते.

"मॅडम, मागं नका घेऊ. लाईट मरते."

"पण एफिशियन्सी वाढतेय, काका. हे बघा, चोवीस."

"ती वाडते. पन किलोवॅट बगा ना."

किलोवॅट अठ्ठेचाळीसवर आले होते.

"पुडं फिरवा, तरी उतरतंय. मागं फिरवा, तरी उतरतंय. मधी माथा हाय, तिथं रेघ मारलीय. कवापास्नं बगतोय मी."

मी मान हलवली आणि वहीत लिहिलं, "ऑपरेटर मशीन अकार्यक्षम बिंदूवर चालवतो." त्या वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती. आकड्याचीही नव्हती. सही केली आणि जेवायला गेले. जेवणात काय होतं ते आठवत नाही.

माझ्या त्या वाक्यावरून मशीन राहिलं आणि महिन्याभरात काकांची द्रोणागिरीला बदली झाली. घणसोलीहून जायलाच दीड तास, दुपारी घरी येणं बंद. जाताना मला म्हणाले, "रेघ पुसू नका." मी बरं म्हटलं. मशीन माझ्या चोवीस टक्क्यांवर चालू राहिलं, आणि वीज कमी पडते म्हणून साहेबांनी शेवटी ते बंदच करायचं ठरवलं. माझी आणखी एक सही लागली, ती मी केली.

बंद करण्याच्या कागदांसाठी जुन्या नोंदी चाळत होते. काकांच्या वह्यांत महिनोन्‌महिने तेच, अठ्ठावन्न, साठ, एकोणसाठ. मग माझा काळ सुरू होतो, अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस. ही उष्णता फुकटची होती. वापरली नाही तर धुराड्यातून खाडीकडे जाणार. फुकटच्या उष्णतेची काटकसर करून मी कोणाचं भलं केलं होतं? विकतचं इंधन असतं तर गोष्ट वेगळी. इथे हवी होती ती वीज, आणि ती मीच कमी केली होती.

डबा न उघडता मी गणित मांडलं. छत्तीस टक्के देणारं पुस्तकातलं इंजिन उष्णता घेताना तापमानात फरकच ठेवत नाही. पण फरक नसेल तर उष्णता वाहणार कशी? तिला यायला अनंत वेळ लागतो. अनंत वेळात केलेल्या कामाची ताकद शून्य. म्हणजे छत्तीसवर मशीन अगदी निर्दोष आणि वीज काहीच नाही. उलट उष्णता भराभर ओढावी, तर तापमानाचा सगळा फरक तिला आत आणण्यातच खर्च होतो, टर्बाइनला काही उरत नाही. मधे कुठेतरी वीज सर्वांत जास्त. तो बिंदू काढला तर त्याच जुन्या सूत्रात फक्त एक वर्गमूळ आलं. तीनशे आठला चारशे चौऱ्याऐंशीने भागा, वर्गमूळ घ्या, एकातून वजा करा. वीस टक्के.

वीस. घर्षणाची, गळतीची घट धरली तर सतरा. काकांची रेघ.

मला धक्का बसायला हवा होता. बसला नाही. एवढंच कळलं की त्या महिन्यांत मीही छत्तीसवर चालत होते.

मी नवा रिपोर्ट लिहिला. साहेबांनी वाचला आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण मशीनचे बोल्ट काढून झालेत. राहू दे फायलीत." त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. मीही भांडले नाही. ही गोष्ट मला सर्वांत जास्त लागते, पण तीही आता, तेव्हा नाही.

रविवारी घणसोलीला गेले. दोन टॉवरच्या मधल्या गल्लीत काकांचं घर. काका बायकोला पेज भरवत होते. तिने माझ्याकडे पाहिलं, ओळखलं नाही. मी कागद काढला आणि वर्गमूळ वगैरे सगळं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं, पण चमचा थांबवला नाही.

"म्हंजे माजी रेघ बरोबर होती?"

"अगदी बरोबर. चूक माझी होती, काका."

"आवो, तुमच्या घरी तवा तसा झाला होता. आई गेली व्हती." ते बायकोचं तोंड पुसत म्हणाले. "मंग आता रेघेवर चालवताव ना?"

मशीन तेव्हा शेडमागे ताडपत्रीखाली पडलं होतं. पॅनेल कुठे गेलं होतं, मलाही माहीत नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "रेघेवरच."

मी त्या घरात पाय ठेवल्यापासून ते पहिल्यांदा हसले. "बरा झाला. दसऱ्याला येतो मी. रेघ फिकी झाली असंल. गेटवर तुमचा नाव सांगतो."

"या," मी म्हटलं.

बाहेर येऊन रिक्षात बसले आणि रडू कोसळलं. आईसाठी की काकांसाठी, कळेना. रिक्षावाल्याने मागे पाहिलं आणि गाणं बंद केलं.

दसऱ्याला सकाळी मी हार आणले, दुसऱ्या मशीनांसाठी. अकराच्या सुमारास गेटवरून फोन आला. नवा वॉचमन म्हणाला, "मॅडम, एक काका आलेत. हातात नेलपॉलिशची बाटली आहे. आत सोडू का?"