पहिली प्लेट उकंडरावांची

सकाळी पोळ्या लाटत होते, तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या मंजुळाबाई उभ्या होत्या, हातात नवऱ्याच्या खाण्याच्या नोंदींची वही. मागे उकंडराव, घामेजलेले. तीस वर्षं जळगाव जामोदच्या स्टँडजवळ ते मिसळ विकतात. चार महिन्यांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी दिवसाला पंधराशे कॅलरी ठरवून दिल्या, तरी वजन वाढतच होतं. आज जिना चढताना पुन्हा छाती भरून आली होती.

"गाडी बोलावली, अकोल्याले जाऊन राह्यलो," मंजुळाबाई म्हणाल्या. "ताई, तुम्ही गृहविज्ञान शिकल्या. गाडी येईस्तोवर पाहा, काय चुकलं."

वहीत रोज सकाळची एकच नोंद होती: मोड आलेली मटकी, एक वाटी, एकशेवीस.

"सकाळी एवढंच खाता?" मी विचारलं.

"गिऱ्हाईकाआधी पहिली प्लेट मीच खातो," उकंडराव म्हणाले. "मिसळ म्हणजे मटकीच ना. वरचं चवीपुरतं."

मी पेन घेतलं. मूठभर फरसाण दोनशेवीस. रश्श्यावरचं तेल, पोहे खायच्या चमच्यानं दोन चमचे, दोनशेचाळीस. दोन पाव दोनशेवीस, त्यांना लावलेलं लोणी शंभरावर. मटकी धरून नऊशे. वही मी त्यांच्यापुढे धरली.

मंजुळाबाई खालीच बसल्या. "रोज माझ्याच हातानं वाढलं."

"तू काऊन रडतं? खाल्लं तर मी," ते म्हणाले. बाहेर गाडी थांबली. ते भिंतीला धरून उठले.

"ताई, प्लेट सोडतो. रस्सा चाखाले एक चमचा तेवढा वहीत बसवा."