तीन पायांचा व्हॉल्यूम

माझं ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान तुर्भ्याला, ट्रकांच्या रांगेसमोर. माझ्या हातून गेलेलं मशीन परत आलं, की मी आधी गिऱ्हाइकाशी भांडतो, मग स्क्रू काढतो. खोड वाईट, बायको सांगून थकली. पण बाबांशीही मी तसाच वागलो, ते अजून लागतं मनाला.

दिघ्याला राहायचो तेव्हा बाबा कंपनीत हेल्पर होते आणि जयंतीच्या कार्यक्रमांतल्या गायनपार्टीत ढोलकी वाजवायचे. त्यांच्या डाव्या हाताचा घुमारा, म्हणजे ढोलकीच्या जाड बाजूचा घुमणारा आवाज, असा, की लोक गायकाला सोडून त्यांना भेटायला यायचे. त्या वाजवण्याचं एकच रेकॉर्डिंग उरलंय. कॅसेटवरून मीच ते मोबाइलवर उतरवून दिलं. आता आम्ही ऐरोलीला फ्लॅटमध्ये. दुपारी मी दुकानात, बायको ऑफिसला आणि आमच्या पाच महिन्यांच्या लेकीला सांभाळायला बाबा. ती झोपली की बाबा मोबाइलची वायर जुन्या ॲम्पला लावायचे आणि स्वतःची ढोलकी ऐकायचे. अगदी हळू, पोर उठू नये म्हणून.

त्या ॲम्पचा व्हॉल्यूम, म्हणजे नॉबमागचा भाग, खरखरायला लागला, म्हणून मी दुकानात नेऊन नवा टाकला. दोन दिवसांनी बाबा म्हणाले, "अरे, डावा गेला."

"कुठला डावा?"

"ढोलकीचा. नुसती टणटण येते. घुमारा नाय."

परत दुकानात नेलं. वाजवलं, तर शोकेसची काच थरथरली. घरी आणलं, पुन्हा तेच रडगाणं. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. "बाबा, मशीन एकदम ओके आहे. कान गेलेत तुमचे!"

आठवड्याने पाहतो तर ढोलकी दाराशी, कापडात बांधलेली. दिघ्याच्या मंडळाला देऊन टाकायची म्हणाले.

"का पण?"

"कान नाय गेले रे माजे. पोरगी कूस बदलते तेपन ऐकू येतं मला. मशीन ओके, तर मग माजा डावाच कच्चा असनार, आधी खरखरीत कळलं नसेल. लोक आपले प्रेमानं वाहवा करायचे. एवढी वर्षं मी उगाच मिरवलो."

त्या रविवारी दुपारी मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसलो. लेक झोपलेली. बाबांनी नॉब अगदी थोडा फिरवला. आणि काय सांगू, घुमारा खरंच नव्हता! मलाही नुसती टणटण ऐकू आली.

तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. दुकानात ट्रकांच्या आवाजावर मात करायला मी प्रत्येक मशीन जोरातच वाजवून बघतो. बाबा ऐकतात तसं, हळू, मी कधी ऐकलंच नव्हतं. नॉब टणटणीसारखे बारीक आणि घुमाऱ्यासारखे जाड आवाज सारखेच खाली आणतो, पण आपला कान दोन्ही सारखे ऐकत नाही. आवाज कमी झाला की जाड आवाज कानाला आधी सुटतो. तरण्याचा कान असो की म्हाताऱ्याचा, सगळ्यांचं तेच. म्हणून तर जुन्या ॲम्पवर 'लाउडनेस' नावाचं बटण असतं. आवाज हळू असताना ते जाड आवाजाला उचलून धरतं, अगदी टोकाच्या बारीक आवाजालाही थोडं. नॉब वर नेला की ही मदत आपोआप कमी होत जाते.

मी बटण दाबलं. काहीच फरक नाही. आणि मग आठवलं. जुन्या व्हॉल्यूमला वायर जोडायचे चार पाय होते. चौथा पाय त्या बटणासाठी. बाजारात तसला मिळेना, म्हणून मी तीन पायांचा टाकला आणि उरलेली वायर टेप गुंडाळून आत दाबली. दुकानात मोठ्या आवाजात फरक कळणार तरी कसा? चोर मीच, आणि आरोप बापाच्या कानांवर.

दुसऱ्या दिवशी बाबांचा ॲम्प दुकानात नेला आणि भंगारातले ॲम्प उघडत बसलो. सहाव्यात तसलाच चार पायांचा व्हॉल्यूम मिळाला. गिऱ्हाइकांना उद्या या म्हटलं, तो बाबांच्या ॲम्पला जोडला आणि दुपारीच घर गाठलं. बाबा लेकीजवळ आडवे झाले होते.

"बाबा, चूक माझी होती. तुमचे कान चांगले आहेत आणि हातही."

मी त्यांचं रेकॉर्डिंग लावलं, नॉब त्यांच्या नेहमीच्या जागी ठेवला आणि बटण दाबलं. त्या हळू आवाजातच डावा बोलला. गोल, भरलेला घुमारा.

बाबा उठून बसले. मान खाली घालून ऐकत राहिले.

"हा मीच ना रे?"

"तुम्हीच, बाबा."

त्यांनी डोळे पुसले, लेकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "उठव तिला. आजोबा वाजवतायत म्हनावं."