खणाखालची आई

आमच्या शाळेची वेरूळची सहल निघाली तेव्हा मिसनी आम्हाला बसमध्येच सांगितलं होतं, कैलास लेण्यात रांग मोडायची नाही आणि बाहेरच्या भिंतीकडे बघत रेंगाळायचं नाही. आम्ही आठवीतल्या मुली एकमेकींच्या वेण्यांकडे बघत चाललो. तरी एका वळणावर मला दगडात कोरलेलं एक जोडपं दिसलंच. त्याचा हात तिच्या कमरेवर, तिची हनुवटी वर. दोघंही अजिबात लाजत नव्हती. मी लाजले. त्याच वर्षी विज्ञानाच्या मिसनी पुनरुत्पादनाचा धडा "घरी वाचा" म्हणून सोडून दिला आणि घरी मी तो पाठ्यपुस्तक वर्तमानपत्रात लपवून वाचला.

पुढं मी जुन्या शिल्पांचाच विषय शिकले. पदव्युत्तर शिक्षण संपल्यावर एका संस्थेत मला काम मिळालं. गावोगावच्या देवळांभोवती, विहिरींच्या कडेला, शेताच्या बांधावर पडलेल्या जुन्या मूर्तींची नोंद करायची. फोटो, मोजमाप, वर्णन, सद्यस्थिती. फॉर्म इंग्रजीत होता. ते माझ्या सोयीचं होतं. शरीराच्या कुठल्याही भागाचा शब्द मी इंग्रजीत न अडखळता लिहू शकत होते. तो शब्द माझा नव्हता, त्यामुळं त्याची लाजही माझी नव्हती.

फुलंब्रीच्या पुढं एक गाव आहे. मी राहायची त्या पडेगावहून निघून दोन वाहनं बदलून मी तिथं जायची. गावाबाहेर यादवकाळातलं एक पडकं देऊळ, आणि त्याच्या मागच्या अंगाला, भिंतीत केलेल्या कोनाड्यात, हिरव्या खणानं झाकलेली एक शिळा. बायका तिला नुसतं आई म्हणायच्या. तिची देखभाल करणारी पंच्याहत्तरीची एक बाई होती. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं, मीही म्हणू लागले. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं तिला तरुणपणीच घालवलं होतं. भावाच्या घरात तिला एक कोपरा होता. पण मंगळवारी, जेव्हा आसपासच्या गावांतून बायका लोण्याचा गोळा घेऊन यायच्या, तेव्हा तिच्या परवानगीशिवाय कुणी कोनाड्याला हात लावत नसे. त्या एका दिवसापुरती ती कुणाची टाकलेली बाई नव्हती.

"मावशी, तुमचंच मागणं तिनं कसं ऐकलं नाही?" मी एकदा विचारलं. आता लाज वाटते.

"माझं मागायचं राहूनच गेलं बघ," ती म्हणाली. "दुसऱ्यांचंच मागण्यात जलम गेला. लई गर्दी असती तिच्याकडं."

तिथली रीत अशी होती. खण काढायचा नाही. मावशी लोणी घेऊन हात खणाखाली घालायची आणि डोळे मिटून, हातानंच आईला न्हाऊ घालायची. येणारी बाईही तसंच करायची. कुणी बघायचं नाही, कुणी बोलायचं नाही. आई कशी आहे हे प्रत्येकीच्या हाताला माहीत होतं आणि तोंडाला माहीत नव्हतं.

मला फोटो हवा होता. मी तीन मंगळवार नुसती बसून राहिले. चौथ्या मंगळवारी बायका गेल्यावर मावशीनं रस्त्याकडं बघितलं आणि पाठ फिरवून उभी राहिली.

"तू पोरीची जात हायेस म्हणून. बघ. पर बोलू नको कुणाला."

मी मान हलवली.

खण उचलला. वीतभर दगड. गुडघे दुमडून बाहेरच्या बाजूला फाकलेले पाय, कोपरातून वर उचललेले हात, दोन्ही हातांत कमळं, आणि डोक्याच्या जागी पूर्ण उमललेलं कमळ. चेहरा नाही, आणि तो कधीच नव्हता. दोन पायांमध्ये योनी स्पष्ट कोरलेली, आणि शेकडो वर्षं लोणी लावणाऱ्या बोटांनी तिथला दगड आरशासारखा गुळगुळीत झालेला. अभ्यासक तिला लज्जागौरी म्हणतात. पैठणला, तेरला अशा सापडल्या आहेत. बाळंत होणारी, की पुरुषाला बोलावणारी, की नुसतीच पिकणारी जमीन, यावर वाद आहेत. त्या दगडासमोर मला वाटलं, असा प्रश्न तिला घडवणाऱ्याला पडलाच नसेल.

मी आठ फोटो काढले आणि खण पुन्हा घातला. मावशीनं वळून तो नीट केला, जशी आई मुलीचा फ्रॉक ओढून नीट करते.

देवळाच्या ट्रस्टचे अध्यक्ष पन्नाशीचे होते. मोठी जमीन, शहरात ट्रॅक्टरची शोरूम. देवळाला तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळावा म्हणून ते धडपडत होते. त्यांनी संस्थेतल्या आमच्या सरांना सांगितलं, माहितीचा फलक हवा, मराठीतून, गावाला अभिमान वाटेल असा. सरांनी ते काम मला दिलं.

मी पहिल्यांदाच या विषयावर मराठीत लिहायला बसले आणि शब्द सापडेना. एक शब्द पोथीतला होता, एक शिवीतला. मधला नव्हताच. हा मधला शब्द गेला कुठं, याचंच मला नवल वाटायला लागलं. पैठणच्या राजाच्या नावावर असलेल्या प्राकृत गाथांमध्ये शेतकऱ्यांच्या बायका गोदावरीच्या काठावर कुणाला भेटायला जातात हे साध्या बोलीत सांगतात. देवळाच्या दारावर मिथुन कोरावं, ते मंगल असतं, असं शिल्पाचे जुने ग्रंथ सांगतात. कामाचं शास्त्र लिहिणाऱ्यानं स्वयंपाकाच्या शास्त्रासारखं ते लिहिलं. मग इंग्रज साहेब आले. त्यांनी आमच्या लेण्यांची मापं घेतली आणि काही शिल्पांपुढं 'वर्णन करण्याजोगं नाही' असा शेरा मारला. जुने ग्रंथ भाषांतरित करताना नको त्या ओळी लॅटिनमध्ये ठेवल्या, म्हणजे बायकांना आणि नोकरांना कळू नयेत. त्यांच्या शाळांत शिकलेले आपले लोक घरी आले ते साहेबाचे डोळे घेऊनच. कुणी म्हणालं हे पडत्या काळातलं, कुणी म्हणालं याचा अर्थ फक्त आध्यात्मिक. साहेबांनी अश्लीलतेचा कायदा केला आणि त्यात देवळावरच्या शिल्पांना सूट ठेवली. म्हणजे दगडाला माफी होती, माणसांना नव्हती. अर्थात सगळं साहेबांवर ढकलणं सोयीचं आहे. संन्याशांनी बाईला त्यांच्या आधीच नरकाचं दार म्हटलं होतं, आणि ते कामाचं शास्त्रही शहरातल्या रिकाम्या पुरुषासाठीच लिहिलेलं होतं. कोरलेल्या बाईला तिची मर्जी कुणी विचारली होती असं मला वाटत नाही.

पण हे सगळं कळल्यामुळं मी धीट झाले होते, किंवा स्वतःला तसं समजत होते. मावशीपुढं हलवलेली मान मला आठवत होती. मी स्वतःला सांगितलं, न बोलणं म्हणजेच ती लाज, आणि ती मोडायला हवी. फलकाच्या मजकुरात मी पोथीतला शब्द लिहिला. एक वाक्य रीतीवरही लिहिलं: संततीसाठी स्त्रिया या मूर्तीच्या योनीस लोणी लावतात.

सरांनी वाचलं आणि म्हणाले, "करेक्ट आहे." मजकूर गेला.

रविवारी बैठकीला आम्हाला बोलावलं. सभामंडपात तीसेक पुरुष बसले होते. मावशी बाहेर खांबापाशी. अध्यक्षांनी चष्मा लावला आणि शाळेतल्या मुलासारखं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. यादवकाळ, काळा पाषाण, उत्तम कोरीवकाम. लोक माना डोलावत होते. मग ते त्या वाक्याशी आले. त्यांनी ते अर्धं वाचलं, थांबले, पुन्हा पहिल्यापासून अर्धं वाचलं.

मागून कुणीतरी खिंकाळलं. मग सगळे.

"अध्यक्ष, पुढचं वाचा की! आवाज येईना."

"ताई, लगीन झालंय का तुमचं?"

"न होताच इतकी माहिती, बघा. इंग्लिश मीडियम!"

सर मोबाइलमध्ये बघत होते. मी फरशीकडं. उत्तर मला इंग्रजीतच सुचत होतं.

"बघू तरी खरं हाय का," असं म्हणत दोन पोरं उठली आणि मागं गेली. त्यांच्यामागं सगळी सभा. मावशी कोनाड्यासमोर हात पसरून उभी राहिली होती. तिला एकानं दंडाला धरून बाजूला केलं, सहज, गोठ्यातलं वासरू सरकवावं तसं. खण ओढला. मोबाइल वर झाले.

"अयायाय! हिला पाया पडतात व्हय आपल्या बायका?"

अध्यक्षांचा चेहरा काळवंडला. "ही घाण गावात नको," ते म्हणाले. "बाहेरचे लोक काय म्हणतील?"

तेव्हा मावशी बोलली. मोठ्यानं नाही.

"घाण? तुझी माय पाच वर्सं वांझ म्हणून मार खात व्हती. हितंच लोणी लावून गेली. माझ्याच हाताखाली तिचा हात व्हता. मग तू झालास."

कुणी हसलं नाही. मग एकजण हसला, आणि ते हसणं आता माझ्यावर नव्हतं. अध्यक्षांनी कुणाकडंच बघितलं नाही. त्या क्षणी मला कळलं की आईचं आता काही खरं नाही. माझ्या वाक्यावर कदाचित तिचा निभाव लागला असता, फलक बदलला असता. मावशीच्या वाक्यावर लागणार नव्हता. आणि मावशीला ते वाक्य बोलायला लावलं होतं मी.

सोळा दिवसांनी मी एकटी गेले. कोनाडा विटांनी बुजवला होता. त्याच्यापुढं नवा ओटा, चकचकीत फरशी, वर जयपूरची संगमरवरी देवी. तिला चेहरा होता, नऊवारी होती, नथ होती. जुनी शिळा कुठं गेली असं विचारल्यावर गवंड्यानं ओट्याकडं बोट दाखवलं. "खालीच हाय. पालथी घातली अन् वरून काँक्रीट."

मावशी भावाच्या दारात बसली होती. तिला देवळाच्या आवारात यायला मनाई झाली होती. मंगळवार होता. बायका नव्या देवीला ओटी भरून परत जात होत्या. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. बघितलं असतं तर हाताला काय माहीत आहे ते तोंडावर आलं असतं.

मी माफी मागितली. शहाणी, व्यवस्थित वाक्यं जुळवून आणली होती.

"तू खोटं कुठं लिवलंस," ती म्हणाली. "पर तुला बोलू नको म्हनलं व्हतं ना?"

मी मोबाइल काढला. फोटो आहेत, मी म्हणाले, आई यात आहे, बघा.

तिनं डोळे मिटले. सवयीनं की रागानं, माहीत नाही. मग हात पुढं केला आणि काचेवरून बोटं फिरवली, वरून खाली, जिथं कमळ असायला हवं तिथून जिथं गुडघे असायला हवेत तिथवर. काच सपाट होती. बोटांखाली चित्र सरकून दुसरंच आलं, माझ्या भाचीच्या वाढदिवसाचं.

"हितं काय नाय," ती म्हणाली. "पुसून टाक ते. कुनाला दाव नको."

मी मान हलवली.

संध्याकाळी ऑफिसात मी फॉर्म पूर्ण केला. सद्यस्थितीच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं, जागेवर उपलब्ध नाही. आणि आठही फोटो जोडले.